गवारीतला यू: गार्ड, गॅरंटी, गेस आणि गाइडचं स्पेलिंग चुकू नये म्हणून

सांगलीत माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या फाटकासाठी मी सनबोर्डवर पाटी करून दिली. वर मराठीत ‘सुरक्षारक्षकाकडे नोंद करा’ आणि खाली तेच इंग्रजीत, सगळं कॅपिटल अक्षरांत. पाटी लागली, आठवडा गेला, आणि त्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “अहो, तुमच्या पाटीवरचा गार्ड गौर्ड झालाय.”

मी फाइल उघडून बघितली. जी-यू-ए-आर-डी हवं होतं, मी जी-ए-यू-आर-डी टाइप केलं होतं. सनबोर्ड आणि व्हिनाईल दोन्ही माझ्या अंगावर पडलं. बाई मात्र जाताना एक प्रश्न विचारून गेल्या: “यू तिथं कशाला आहे हे माहीत असतं, तर तो हलला असता का?” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढचं सगळं त्या प्रश्नामागं लागून जमवलेलं आहे.

आधी दोन ढीग करा

गार्ड, गॅरंटी, गेस आणि गाइड या चारही शब्दांत यू ऐकू येत नाही, म्हणून आपण ते एकाच दावणीला बांधतो. पण त्यांत होणाऱ्या चुका वेगळ्या आहेत. गार्ड आणि गॅरंटीत यू गाळणारे थोडे, तो चुकीच्या जागी बसवणारे फार. म्हणजे एच्या आधी की एच्या नंतर, एवढाच घोळ. गेस आणि गाइडमध्ये यू कशाला हवा हेच कळत नाही, म्हणून तो कधी गळतो, कधी ईच्या किंवा आयच्या पलीकडे जाऊन बसतो. त्यामुळे दोन्ही ढिगांना औषधही वेगळं लागतं.

तरी एक गोष्ट चौघांनाही लागू आहे, ती आधी पक्की करा: मुका यू नेहमी जीला चिकटून असतो. जी आणि यू यांच्यामध्ये तिसरं अक्षर येत नाही.

मराठी बोटं जी-ए-यू का टाइप करतात

माझ्या समजुतीप्रमाणे हा दोष आपल्या गौरीचा आहे. आपण नावं इंग्रजीत लिहितो तेव्हा ‘गौ’ला जी-ए-यू लिहितो. गौरी, गौरव, गौतम, गौरीशंकर ही नावं मतदार याद्यांत, लग्नपत्रिकांत आणि शाळेच्या दाखल्यांत इतक्यांदा टाइप होतात, की जीनंतर ए आला रे आला की बोट आपोआप यूकडे वळतं. गार्ड लिहिताना ‘यात कुठंतरी यू आहे’ एवढं डोक्यात असतं, जागा मात्र बोटं ठरवतात, आणि बोटांना गौरीची सवय.

याच सवयीतून एक चाचणी मिळते. लिहिलेला इंग्रजी शब्द मोबाइलवर रोमन लिपीत आलेल्या मराठी मेसेजसारखा वाचा. जी-ए-यू-आर-डी वाचलं तर ‘गौर्ड’ होतं. तसंच चुकीच्या गॅरंटीचं ‘गौरंटी’ आणि चुकीच्या गार्डियनचं ‘गौर्डियन’. शब्दात गौरी दिसली की तो चुकला. बरोबर स्पेलिंग असंच वाचलं तर ‘गुआर्ड’, ‘गुआरंटी’ असं येतं. ऐकायला तेही विचित्र, पण त्यात गौरी नाही.

गवार लक्षात ठेवा

या चाचणीनं चूक पकडता येते, पण लिहितानाच बरोबर यावं यासाठी एक मराठी शब्द आहे: गवार. मंडईत मिळते तीच, भाजी करतो तीच. तिला इंग्रजीत शेंगवर्गीय भाजी म्हणून लांबलचक नाव आहेच, पण तिच्या बियांपासून जो डिंक काढतात त्याला जगभर ‘ग्वार गम’ म्हणतात. आइस्क्रीमच्या डब्यामागच्या बारीक अक्षरांत हे नाव पुष्कळदा सापडतं. हा ग्वार आपल्याच भाषांतून इंग्रजीत गेला आणि तिथं त्याचं स्पेलिंग झालं जी-यू-ए-आर.

आता गार्डकडे बघा. जी-यू-ए-आर आणि पुढं डी. गवारीला डी जोडला की गार्ड. तिलाच डी-आय-ए-एन जोडलं की गार्डियन, म्हणजे पालक. ए-एन-टी-ई-ई जोडलं की गॅरंटी, आणि ए-एन-टी-ओ-आर जोडलं की गॅरंटर, म्हणजे पतसंस्थेच्या फॉर्मवरचा जामीनदार. चारही शब्दांची सुरुवात गवारीनंच होते.

‘गवार’ म्हणताना ग, मग व, मग आर असा क्रम तोंडात बसतो. व म्हणताना ओठ गोल होतात, यू म्हणतानाही होतात. वचा आवाज गच्या लगेच नंतर आहे म्हणून यू जीच्या लगेच नंतर. गौरीत ओठ शेवटी गोल होतात, म्हणून तिचा यू एच्या मागं. गार्डला गवार आणि नावाला गौरी, एवढं पक्कं झालं की या ढिगाचं निम्मं काम संपतं.

आमच्या दुकानातला पोरगा आता कुणी ‘गार्डचं स्पेलिंग सांग की’ म्हणालं तर “गवार डी” एवढंच म्हणतो. गिऱ्हाईक बघतच राहतं.

वॉरंटीतला डबल यू

पाठ करायला गवार पुरते. पण यू तिथं आला कुठून, हे बाईंच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे आणि तेही आपल्या रोजच्या बोलण्यात सापडतं. मिक्सर घ्यायला गेलात की दुकानदार म्हणतो, “गॅरंटी नाही, वॉरंटी आहे.” हे दोन शब्द मुळात एकाच घरातले.

जर्मानिक भाषांतले व-आवाजाचे काही शब्द फ्रेंचांनी उचलले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीचा तो व ‘ग्व’ झाला आणि लिहिताना जी-यू आला. उत्तरेकडच्या नॉर्मन फ्रेंच बोलीनं मात्र व तसाच ठेवला. इंग्लंडवर १०६६ मध्ये नॉर्मन राज्य आलं. त्यांच्या बोलीतून काही शब्द व घेऊन इंग्रजीत आले आणि पुढं मध्य फ्रान्सच्या फ्रेंचमधून त्यांचीच भावंडं जी-यू घेऊन आली. म्हणून इंग्रजीत आज जोड्या दिसतात: वॉरंटी आणि गॅरंटी, वॉर्डन आणि गार्डियन, वॉर्ड आणि गार्ड. महापालिकेचा वॉर्ड, हॉस्पिटलचा वॉर्ड आणि फाटकावरचा गार्ड या सगळ्यांच्या मुळाशी राखणं, नजर ठेवणं हाच अर्थ आहे.

पुढं फ्रेंचांच्या तोंडून तो ‘ग्व’ मधला व गळला, नुसता ग उरला. त्यांनी बऱ्याच शब्दांतून यूसुद्धा काढून टाकला. आजच्या फ्रेंचमध्ये गार्ड आणि गॅरंटी दोन्ही यूशिवाय लिहितात. इंग्रजीनं तो ठेवला. म्हणजे गार्डमधला यू हा जुन्या वचा उरलेला अवशेष आहे.

आणि वला इंग्रजी अक्षर कोणतं? डबल यू. शब्दाच्या तोंडाशी डबल यू असलेलं भावंड आठवलं, की जीच्या शेजारी सिंगल यू ठेवायचा. वॉर्डला डबल, गार्डला सिंगल. वॉरंटीला डबल, गॅरंटीला सिंगल.

हाच नियम उलट बाजूनं गार्डनला लावा. बागेच्या गार्डनमध्ये यू नाही, सरळ जी-ए-आर-डी-ई-एन. त्याचं इंग्रजी भावंड यार्ड आहे, म्हणजे आवार. आपलं मार्केट यार्ड त्यातलंच. यार्ड वायनं सुरू होतं, तिथं डबल यू नाही, म्हणून गार्डनमध्ये सिंगल यूही नाही. पाट्यांवर ‘गार्डन’मध्ये यू घुसलेला मी पाहिलाय. तो गार्डच्या संगतीनं बिघडलेला.

एक अपवाद सांगायलाच हवा. पत्राच्या शेवटी जे ‘रिगार्ड्स’ लिहितो, त्यात यू नाही: आर-ई, मग जी-ए-आर-डी. आणि त्याचं डबल यूवालं भावंडही आहे, रिवॉर्ड. म्हणजे इथं युक्ती फसते. ती फक्त जीनं सुरू होणाऱ्या शब्दाला लावायची. बॉडीगार्ड आणि सेफगार्डमध्ये मात्र अख्खा गार्ड जोडलेला आहे, तिथं गवार शाबूत राहते.

गॅरंटीची शेपटी

गॅरंटीत यू बरोबर बसवूनही लोक पुढं घसरतात, म्हणून थोडं थांबतो. वॉरंटीत आर दोन आहेत, गॅरंटीत एक. भावंड म्हणून वॉरंटी आठवताना तिचा दुसरा आर बरोबर आणू नका. आरनंतर ए-एन येतं, ई-एन नव्हे. आणि शेवटी टी-ई-ई. वॉरंटीचा शेवट वायनं होतो, गॅरंटीचा दोन ईंनी.

मी तीन तुकड्यांत म्हणतो: गवार, ए-एन, टी-ई-ई. पहिल्या तुकड्यात चार अक्षरं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, एकूण नऊ. पाटीवर अक्षरं कापताना मी नऊ मोजतो. दहा भरली तर आर दोनदा आलाय.

सांगली जिल्ह्यात हा शब्द निदान एका नावात अचूक यायला हवा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांना रोजगार हमी योजनेचे जनक मानतात आणि तिचा पहिला प्रयोगही त्याच भागात झाला. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. ‘हमी’ला इंग्रजी नावात गॅरंटी आहे, आणि पुढं २००५ च्या केंद्राच्या कायद्याच्या नावातही तोच शब्द आला. ग्रामपंचायतींचे फलक करताना मराठी ‘हमी’ कधी चुकत नाही. चुकते ती खालची इंग्रजी ओळ.

गेस आणि गाइड: इथं यू राखणीला आहे

आता दुसरा ढीग. इंग्रजीत जीच्या पुढं ई, आय किंवा वाय आला की त्याचा बहुधा ज होतो: जेम, जायंट, जिम. ए, ओ किंवा यू आला की ग राहतो. गेसमधून यू काढून टाका आणि उरलेलं वाचा: जी-ई-एस-एस, म्हणजे ‘जेस’. गाइडमधून काढा: ‘जाइड’. गेस्टमधून काढा: ‘जेस्ट’. जी आणि ईच्या मध्ये यू कुंपणासारखा उभा आहे, म्हणून गचा ज होत नाही. कुंपण मध्येच हवं, पलीकडे घालून उपयोग नाही. म्हणून गेसमध्ये ईच्या आधी आणि गाइडमध्ये आयच्या आधी.

गेसमधला हा यू पहिल्यापासून नव्हता. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काळी हा शब्द यूशिवाय लिहीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीकडे तो जी-यूनं लिहिला जाऊ लागला. गेस्ट आणि गिल्ट यांनाही यू असाच नंतर चिकटला. गाइड मात्र फ्रेंचमधून आला, यू घेऊनच. गिटार स्पॅनिशमधून, तोही घेऊनच. तिथंही काम तेच, गला ग ठेवणं.

म्हणून या ढिगासाठी एकच चाचणी: यूवर बोट ठेवा आणि शब्द वाचा. ज ऐकू आला तर यू हवाच, आणि जीच्या लगेच पुढंच. गार्डवर ही चाचणी चालत नाही हे ध्यानात ठेवा. तिथं यू झाकला तरी पुढं ए आहे, म्हणून गच राहतो. तिथं गवारच.

आता कुणीही विचारेल: मग मिळवणं या अर्थाचा गेट, गिव्ह, गिफ्ट आणि गर्ल यांना यू का नाही? हे रोजच्या वापरातले इंग्रजी किंवा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, वळणाचे शब्द, यांना कुंपण कधी घातलंच गेलं नाही. गिल्टच्या तर दोन तऱ्हा आहेत. यू असलेला गिल्ट म्हणजे अपराध, यू नसलेला म्हणजे सोन्याचा मुलामा, आणि उच्चार दोन्हींचा एकच. म्हणजे यू असेल तर त्याचं कारण सांगता येतं, पण नसेल तर घालायलाच हवा असं नाही. हे चार-पाच शब्द पाठच करावे लागतात. माझ्याकडे त्यांना युक्ती नाही.

गेज आणि लँग्वेज

दोन शब्द या सगळ्याला छेद देतात. पहिला गेज. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही रूळ होते, त्यामुळे आपल्या भागात हा शब्द घराघरांत आहे. त्याचं स्पेलिंग खरोखरच जी-ए-यू-जी-ई. इथं गौरी बरोबर, गवार चूक. गवारीची युक्ती शिकवल्यावर पोरगा उत्साहानं गेजमध्येही यू पुढं घेऊ लागला, तेव्हा सांगावं लागलं की गेजमध्ये दोन जी आहेत आणि दोघांच्या मध्ये ए-यूची जोडी बसते. जखमेवर बांधायच्या गॉजमध्येही ए आधी, मग यू.

दुसरा लँग्वेज. यात यू मुका नाही, ‘ग्व’ स्पष्ट ऐकू येतो, तरी क्लासच्या जाहिरातींत एन-जीनंतर ए-यू सर्रास दिसतं. कान वापरा. ग्वे ऐकू येतं, म्हणजे जीनंतर यू, मग ए.

छापायला सोडण्याआधी

माझ्या पाटीला वर्डनं लाल रेघ का दिली नाही, ते नंतर कळलं. वर्डमध्ये File > Options > Proofing इथं Ignore words in UPPERCASE अशी खूण असते आणि ती बहुधा लागलेलीच असते. म्हणजे सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं की तो शब्द तपासतच नाही. पाट्या तर कॅपिटलमध्येच असतात. ही खूण काढून टाका.

मग Ctrl+F दाबून `gau` शोधा. जिथं जिथं सापडेल तो शब्द डोळ्यांनी बघा. तिथं माणसाचं नाव, गेज किंवा गॉज असेल तर ठीक. गार्ड किंवा गॅरंटी सापडली तर चूक.

शोधायचं हातानं, बदलायचंही हातानं. एकदा घाईत मी Ctrl+H वर `gau` च्या जागी `gua` सरसकट बदलून टाकलं. फाइल एका मंडळाच्या वर्गणीदारांची होती, वर गार्डचं मानधन आणि खाली नावं. गार्ड सुधारला, पण यादीतल्या सगळ्या गौरी आणि गौरव गवारीत गेले. पावत्या वाटल्यावर लोक विचारायला आले. आपोआप बदल हवाच असेल तर अख्खा शब्द द्या: `gaurd` च्या जागी `guard`, `gaurantee` च्या जागी `guarantee`.

मागच्या महिन्यात मिरजेच्या एका हॉस्टेलचं इंग्रजी पत्रक आलं, त्यावर हे सगळं एका कागदावर करून बघता आलं. मजकूर मालकानं मोबाइलवरून पाठवला होता. `gau` शोधल्यावर पाच ठिकाणं निघाली. पहिलं, चोवीस तास गार्ड: गौर्ड वाचलं गेलं, गवार डी केलं. दुसरं, प्रवेशावेळी गार्डियनची सही: वॉर्डन भावंड, सिंगल यू जीजवळ आणला. तिसरं, पाण्याच्या टाकीचा प्रेशर गेज: हात लावला नाही. चौथं, स्पोकन लँग्वेजचा वर्ग: ग्वे म्हणून बघितलं, बदललं. पाचवं, संपर्कासाठी गौरी नावाच्या मॅडम: तशाच ठेवल्या.

शोधात न आलेल्या चुका वाचून काढाव्या लागल्या. डिपॉझिट परत मिळण्याच्या गॅरंटीत यू जागेवर होता, पण अक्षरं मोजली तर दहा भरली. दुसरा आर काढला. गेस्टला जागा मिळेल या ओळीत यूच नव्हता. वाचलं तर जेस्ट, म्हणजे थट्टा झाली होती. नव्या विद्यार्थ्यांना गाइड करू, यात यू आयच्या पलीकडे गेला होता, कुंपणाच्या जागी आणून ठेवला.

शेवटच्या ओळीतल्या रिगार्ड्समध्ये मालकानं यू घातला होता. तो काढल्यावर त्यांचा फोन आला, “दादा, वरच्या गार्डला यू ठेवला आणि खालचा काढला, असं कसं?” मी त्यांना सांगितलं, गवार फक्त शब्दाच्या सुरुवातीला येते. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “गवार कुठं आली यात?”